पहिलीच्या लेकरांची पेन्सिल: आधी बोटं सुधारायची की बैठक?

आर्णीकडची नवी शिक्षिका
पहिलीत माझी १८ मुलं आहेत. त्यातली ११ पेन्सिल मुठीत तरी धरतात, नाहीतर अंगठा वरून गुंडाळून. रोज एकेकाची बोटं धरून बसवते, दोन ओळी झाल्या की पुन्हा तेच. टाटपट्टीवर बसून, वही जमिनीवर ठेवून लिहितात. आधी पकड पक्की करू की अक्षरं सुरू करू? आणि शिरोरेषा अक्षराच्या आधी द्यायची की नंतर?

दर्यापूरचे बापू
बाई, आमच्या वक्ती पाटी होती. वही तिसरीत भेटली. आज गावात अर्ज लिहाचा असला का लोकं माह्याचकडे येतात. तुम्ही लेकराच्या हाती एकदम कागद देता, मंग हात कसा बसन? वर्षभर पाटीच द्या. चुकलं का पुसता येते, लेकराले भेव राहत नाही. अन् बोटात ताकद याले पाह्यजे. तुरीच्या शेंगा सोलाले लावा, हरभरा सोलाले लावा. पकड आपोआप येते.

झेडपीच्या बाई, पुसद (पहिलीवर २२ वर्षं)
बापू, पुसता येतं म्हणून लेकरू घाबरत नाही, हे अगदी खरं. पण पाटीची पेन्सिल कडक असते, दाबल्याशिवाय रेघ उठत नाही. वर्षभर दाबायला शिकलेला हात वहीवरही तितकाच दाबतो. नव्या बाई, वर्गातली कोणतीही वही घ्या आणि लिहिलेल्या पानाच्या मागून बोट फिरवून बघा. रेघा बोटाला लागल्या तर दाब जास्त आहे. लिहिताना तर्जनीचं पेर आत वाकलेलं आणि नख पांढरं पडलेलंही दिसेल. हे दरवेळी हात दुबळा असल्यामुळेच होतं असं नाही. आपली मुलं कळशी उचलतात, शेंगा घरी सोलतातच. जोर भरपूर आहे, तो लागतोय कुठे ते बघायला हवं.

मला हे एका मुलीमुळे कळलं. ती पेन्सिल मुठीत धरायची आणि मी महिनाभर तुमच्यासारखीच तिची बोटं बसवत राहिले. एक दिवस काही न बोलता तिच्या बाजूला बसून नुसतं बघितलं. मांडी घातलेली, वही जमिनीवर, आणि पुढे इतकी वाकलेली की अंग सावरायला डावा तळवा टाटपट्टीवर टेकवलेला. वही धरायला हातच उरला नव्हता. तिने क ची दांडी ओढली की वही तिच्याकडे सरकायची. सरकती वही थांबवायची तर पेन्सिलनेच दाबून ठेवावी लागते, आणि तेवढं दाबायला मूठच लागते. मी रोज जी मूठ सोडवत होते, तिच्यावर तिची वही टिकून होती.

शाळेत बांधकामाच्या उरलेल्या विटा होत्या. दीड फूट रुंदीची फळी घेतली. लेकराच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यांखाली दोन-दोन विटा आडव्या, एकावर एक, मागच्या कोपऱ्यांखाली तीन-तीन. विटा मातीच्या गाऱ्यात बसवा, सुट्या ठेवल्या तर पायावर येतात. पुढची कड सहा इंचांवर आणि मागची नऊ इंचांवर येते, म्हणजे फळीला थोडा उतारही मिळतो. सहा वर्षांच्या लेकराची मांडी तिच्याखाली जेमतेम जाते. उंची जमली की नाही ते खांद्याकडे बघून ओळखा. खांदा कानाकडे चढला तर फळी उंच झाली, हनुवटी मुठीजवळ आली तर बुटकी राहिली. पहिल्याच आठवड्यात तिचा डावा तळवा वहीवर आला. पकड तेव्हा बदलली नाही, पण पानामागच्या रेघा बोटाला लागेनाशा झाल्या.

त्यानंतर खडू घेतला. अख्खा नाही, मोडून इंचभर केलेला तुकडा. मुठीत धरला तर बाहेर लिहायला काही उरतच नाही. अंगठा, तर्जनी आणि खालून टेकू द्यायला मधलं बोट, एवढ्यातच तो धरता येतो. तळफळ्यावर उभ्याने, रोज दहा मिनिटं, वीतभर अक्षरं. फळा उभा असल्यामुळे मनगट मागे झुकलेलं राहतं, ते वेगळं शिकवावं लागत नाही. तीन आठवड्यांनी वहीवर पेन्सिल दिली तीही आखूड, तीन इंची. धरली नीट. घाई झाली की मूठ परत यायची, ती जायला दिवाळी उजाडली.

म्हणून पकड आधी की अक्षर, असं मी वेगळं करत नाही. बैठक आधी. मग खडूच्या तुकड्याने मोठं अक्षर आणि पकड बरोबरच.

निवृत्त केंद्रप्रमुख, वर्धा
फळीचं पटलं. पण अंगठा वरून गुंडाळणाऱ्यांना कशाला छळायचं? मी ३० वर्षं वर्ग बघितले. चार बोटांनी धरणारी, अंगठा तर्जनीवर चढवणारी मुलं पाहिली, त्यांचं अक्षरही स्वच्छ आणि वेगही चांगला. बाईंनी पकडीला हातच लावू नये असं माझं मत. लक्ष द्यायचं ते हात कुठून निघतो आणि कुठे वळतो यावर. उभी दांडी वरून खाली यायला हवी. काही मुलं ती खालून वर नेतात. पहिलीत अक्षर सारखंच दिसतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पाचवीत भरभर लिहायची वेळ आली की हात प्रत्येक अक्षराला उलटा जातो आणि ओळ वर-खाली नाचते. तयार अक्षर बघून हे कळत नाही, लिहिताना बघावं लागतं.

झेडपीच्या बाई, पुसद
सर, दिशेचं तुमचं शंभर टक्के बरोबर. अंगठा गुंडाळणारे आणि चार बोटंवाले मीही सोडून देते. पण मुठीला सोडता येत नाही. मुठीत बोटं हलतच नाहीत, अख्खा हात खांद्यापासून हलतो. फळ्यावर वीतभर अक्षराला ते चालतं, दुरेघीच्या दोन रेघांमध्ये व चा गोल तसा वळत नाही, त्याचा त्रिकोण होतो. बाई, तुमच्या ११ जणांतले मुठीवाले वेगळे काढा. बाकीच्यांना पाच-सहा ओळी लिहू द्या. मध्येच हात झटकत असतील, बोटं चोळत असतील, तरच बदला. आणि बदलायचं तर आत्ताच. चौथीतल्या मुलावर मी प्रयत्न केला, चाचणीच्या दिवशी मूठ परत हजर.

निवृत्त केंद्रप्रमुख, वर्धा
चौथीत दोन मुलांची बदललेली मी स्वतः बघितली आहे. त्यांना स्वतःलाच बदलायची होती, एवढा फरक. यावर आपलं एकमत होणार नाही, बाई.

अंजनगावची आई
माझा मुलगा डाव्या हाताने लिहितो. त्याला मूठ वगैरे काही नाही. पण मनगट वरून वाकवून, हात अक्षरांच्या डोक्यावर आणून लिहितो, आणि शेजारच्या मुलाला कोपर लागलं की बोलणी यालाच बसतात. सासूबाई म्हणतात, आत्ताच उजवा करून टाक. पेन्सिल उजव्या हातात दिली की रडतो.

झेडपीच्या बाई, पुसद
ताई, उजवा करू नका. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्याचाच हात त्याने लिहिलेलं झाकतो. ते दिसावं म्हणून तो मनगट वाकवतो. वहीचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवा. उजव्या हाताच्या मुलाची वही डावीकडे कलते, याची बरोबर उलट. पेन्सिल टोकापासून इतरांपेक्षा बोटभर मागे धरू द्या, म्हणजे टोक दिसतं. आणि शाळेत सांगा, ओळीत त्याला डाव्या टोकाला बसवा. कोपराचं भांडण त्या दिवशी मिटतं.

गोंदियाचे सर
शिरोरेषेचं राहूनच गेलं. माझं मत, शिरोरेषा आधी. दुरेघी वहीत वरच्या रेघेवर आधी टोपी काढायची आणि अक्षर तिला लोंबवायचं. उंची सारखी येते, अक्षरं रेघ सोडून खाली घसरत नाहीत.

झेडपीच्या बाई, पुसद
पहिला महिनाभर चालेल, सर. पण एकेका अक्षराला टोपी द्यायची सवय लागली की शब्दात फटी पडतात. 'कमळ' चे तीन शब्द दिसतात आणि वाचताना लेकरू खरंच तीन वेळा थांबतं. मी आधी अक्षरं लिहून घेते, शब्द संपला की एकच रेघ वरून. शब्द कुठे संपला हे हातालाच कळतं.

गोंदियाचे सर
आमच्याकडे धान हा रोजचा शब्द. तुमच्या पद्धतीने माझ्या मुलांनी काय लिहिलं सांगतो. धा, न, आणि वरून एक सरळ रेघ. झालं 'घान'. वीस वह्यांमध्ये 'घान'. 'भात' चा 'मात' झाला. अक्षर प्रत्येकाने बरोबर काढलं होतं, शेवटच्या रेघेने बिघडवलं.

झेडपीच्या बाई, पुसद
हे माझ्याही वर्गात होतं, आणि एकच रेघ म्हणताना मी ते सोडून दिलं, चूक माझी. ध, भ, थ यांच्या डोक्यावर डावीकडे गाठ असते, गाठीवरून रेघ जात नाही. मी मुलांना गाठीपाशी पेन्सिल उचलायला लावते, दांडीवर पुन्हा टेकवायची. काही दिवस तोंडाने म्हणवून घेते, "गाठ आली, उचल." शिवाय म शिकवल्यावर भ दोन महिने तरी काढत नाही, घ आणि ध चंही तसंच.

गोंदियाचे सर
तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. ग, म, भ, न एकत्र शिकवायचे ते हातासाठी, वळण एकच असतं. दोन महिन्यांनी भ आणला तर हात पुन्हा नव्याने शिकतो. गाठीचा फरक पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी दाखवला तर डोळ्याला पटकन कळतो.

झेडपीच्या बाई, पुसद
हाताला सोपं जातं, खरंय. माझ्या वर्गात मात्र शेजारी शिकवलेली अक्षरंच जास्त गोंधळली. तुमच्या वर्गात नसतील गोंधळत, तर तुमचंही खोटं म्हणणार नाही.

दर्यापूरचे बापू
पुसदच्या बाई, तुमचं वाचून नातवाच्या वहीमागून बोट फिरवून पाह्यलं. लागते बापा रेघ. तोही वहीवर ओणवाच होऊन बसते. चौरंग पडला हाये घरी, थो देतो त्याले उद्या.

आर्णीकडची नवी शिक्षिका
चार फळ्या लावल्या, एकेका फळीवर दोघं, आळीपाळीने बसवते. ११ पैकी खरी मूठ सहाच जणांची निघाली, आणि त्या सहाही जणांचा डावा हात जमिनीवर होता. पाच जणांचा आता वहीवर आला. सहावा मुलगा फळीवरही तिरपा वळून बसतो आणि वही फिरवतो. आज त्याच्या मागे उभी राहिले तर दिसलं, खिडकी उजव्या हाताला आहे आणि त्याच्याच मुठीची सावली बरोबर पेन्सिलच्या टोकावर पडते. उद्या त्याला खिडकी डावीकडे येईल असं बसवून बघते. खडूचे तुकडे त्यानंतर काढते.