मदत हवी आहे: ऑफिसातल्या भांडणावर टॅरोत सारखं फाइव्ह ऑफ वाँड्स निघतंय

मृण्मयी_च: चाकणला एका छोट्या कंपनीत डिस्पॅच बघते. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल कोणी उतरवून घ्यायचा, यावरून क्वालिटी, स्टोअर आणि आमची दर आठवड्याला जुंपते. परवा ४० खोकी २ दिवस गेटवर पडून होती, कारण चलनावर सही कोणीच करेना. रायडर-वेट डेकमधून परिस्थिती, अडथळा, सल्ला असे तीन पत्ते काढले: फाइव्ह ऑफ वाँड्स, उलटा एम्परर, थ्री ऑफ पेंटॅकल्स. महिन्यात हे फाइव्ह तिसऱ्यांदा आलंय. नोकरी सोडावी का?

गूढरंजन: पाच जण काठ्या घेऊन भिडलेत, म्हणजे भांडण नक्की. तुमच्यावर कोणीतरी डूख धरून आहे. सावध राहा.

आजोबा_टॅरो: भांडण बरोबर, डूख कुठून आणलात? चित्र नीट बघा. पाचही काठ्या हवेत आहेत, एकही कोणाच्या अंगाला लागलेली नाही. हा डेक रचणाऱ्या वेटनेही याला लुटुपुटीची लढाईच म्हटलंय. दगाफटका असता तर मी फाइव्ह ऑफ स्वॉर्ड्सची वाट पाहिली असती. तिथे एक जण तलवारी गोळा करून हसतोय आणि दोघे पाठ फिरवून चाललेत. इथे अजून कोणी हरलेलं नाही, जिंकलेलंही नाही. पाचांचे कपडे वेगवेगळे, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या खात्यापुरतं बरोबर बोलतोय. तुमच्या गेटवर हेच झालंय.

आता पुढचे दोन पत्ते. उलटा एम्परर म्हणजे ‘हे काम तुझं’ असं सांगणारा जागेवर नाही. थ्री ऑफ पेंटॅकल्समध्ये कारागीर काम करतोय आणि समोरच्याच्या हातात नकाशा आहे. तेव्हा परत आलेल्या मालाचा गेटपासून रॅकपर्यंतचा रस्ता एका कागदावर लिहा, प्रत्येक टप्प्यापुढे एकच नाव. दोन नावं आली की तिथेच काठ्या उचलल्या जाणार.

सुलूमावशी: आमच्याकडे गौरीच्या स्वयंपाकावरून जावा-जावांत अगदी हेच! मला मात्र सेव्हन ऑफ वाँड्स आलं होतं.

आजोबा_टॅरो: मावशी, त्यात एकटा सहा काठ्यांना तोंड देतो. स्वयंपाक तुमच्याच गळ्यात पडला असणार.

सुलूमावशी: पुरणासकट!

मृण्मयी_च: कागद केला. पहिल्याच ओळीला अडलो, गेटवर खोकी कोण मोजणार? साहेब म्हणाले, ‘आपसात ठरवा.’

आजोबा_टॅरो: हाच तुमचा उलटा एम्परर. नोकरी सोडण्याचं मला यात काही दिसत नाही.

गूढरंजन: आणि तिसऱ्यांदा आलं त्याचं काय?

आजोबा_टॅरो: एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की मी त्याचा अर्थ लावत नाही. पत्ते नीट पिसले होते का?

मृण्मयी_च: खरं सांगू? जेवणाच्या सुट्टीत घाईत काढले होते. पण आजोबा, उलटा एम्परर साहेब कशावरून? क्वालिटीवाले म्हणतात, डिस्पॅचची प्रमुख मीच, तेव्हा ठरवायचं मीच टाळतेय.

आजोबा_टॅरो: तेही बसतं. त्या पहिल्या ओळीत तुमचं नाव लिहायला हात धजतो का, ते बघा आणि इथे कळवा.