रियाची पत्रिका इंग्रजीत: चंद्र सहा की सात?

प्रेषक: मधुरा

नमस्कार मंडळी,

रियाची पत्रिका शनिवारपर्यंत इंग्रजीत करून तिच्या हातात द्यायची आहे. अशोककाकांची मेळाव्यासाठी केलेली इंग्रजी प्रतिशब्दांची यादी समोर ठेवून बसले, त्यामुळे ग्रह आणि राशी बऱ्याचशा लागल्या. अडलंय ते असं:

वरच्या मधल्या चौकटीत ६ आकडा आहे आणि ग्रह नाही. ७ आकड्याच्या घरात "चं के" आहेत. पण खाली स्पष्ट ग्रहांच्या तक्त्यात चंद्रापुढे ६-९-३० लिहिलंय आणि रवीपुढे चक्क ०-१०-२०. शून्य रास कुठली लिहायची? कुंडली खरी धरू की तक्ता?

शिवाय फोटोत १ च्या घरावरून घडी गेली आहे. तिथे "र र" असं दिसतंय. २ च्या घरात "श", आणि ८ च्या घरातही "श व ह". दोन शनि कसे?

जन्मवेळ इष्टघटी २६-१५ आहे, तिचंही काय करायचं ते सांगा.

मधुरा

---

प्रेषक: प्रसाद

मधुरा, कुंडलीतले आकडे राशींचे असतात. १ मेष, २ वृषभ, असं १२ मीनपर्यंत. म्हणजे लग्न ६, कन्या. तक्त्यातला चंद्रही ६, म्हणजे तोही कन्येचा, लग्नातच. कुंडलीत लिहिताना एक घर पुढे सरकलेला दिसतो. तक्ता गणिताने काढतात आणि कुंडली हाताने भरतात, म्हणून मी तक्ता धरला असता. रवीचं शून्य म्हणजे आकडा पुसला गेला असेल.

प्रसाद

---

प्रेषक: सुलभा

प्रसाद, कुंडलीतल्या आकड्यांचं तुझं बरोबर आहे, तक्त्याचं नाही. मधुरा, कृपा करून चंद्र कन्येत लिहू नकोस. तिचं नक्षत्र, नाडी, गण सगळं त्याच्यामागून बदलेल.

तक्त्यातला पहिला आकडा म्हणजे ग्रहाने ओलांडलेल्या राशी. रवि ०-१०-२० म्हणजे एकही रास पूर्ण झालेली नाही आणि चालू राशीचे १० अंश २० कला झाले आहेत, तेव्हा तो मेषेत. चंद्र ६-९-३० म्हणजे सहा राशी ओलांडून सातवीत, तुळेत, साडेनऊ अंशांवर. तक्त्यातला आकडा कुंडलीतल्या आकड्यापेक्षा नेहमी एकाने कमी असतो. रियाच्या पत्रिकेत दोन्ही एकमेकांशी जुळतात, कुठेही चूक नाही. पडताळायचं असेल तर नक्षत्र बघ. तुळेचे ६ अंश ४० कला ते २० अंश म्हणजे स्वाती. पत्रिकेत स्वाती, चरण १ लिहिलेलं असणार.

इंग्रजीत हा शून्य-सहाचा आकडा तसाच उतरवू नकोस. "लिब्रा, ९ अंश ३० कला" असं राशीच्या नावाने लिही, म्हणजे वाचणाऱ्याला एक मिळवायचं लक्षात ठेवावं लागणार नाही.

आता घडीवरची अक्षरं. अक्षर लागत नसेल तेव्हा आकाश आपल्याला मदत करतं. राहू आणि केतू नेहमी समोरासमोर असतात. केतू ७ मध्ये आहे, म्हणजे राहू १ मध्येच हवा. "र र" मधल्या दुसऱ्याचा काना घडीत गेला आहे, तो "रा". शुक्र रवीपासून ४७-४८ अंशांपलीकडे जात नाही. रवि मेषेत असेल तर शुक्र फार तर दोन राशी इकडे-तिकडे, वृश्चिकेत तो जाऊच शकत नाही. तेव्हा २ मधला "श" हा उकार पुसलेला शुक्र आणि ८ मधला खरा शनि. बुध तर रवीच्या घरात किंवा शेजारीच सापडतो. १२ मध्ये बघ, असेल.

शनीपुढचा "व" म्हणजे वक्री, तो वेगळा ग्रह नाही. "ह" म्हणजे हर्षल, इंग्रजीत युरेनस.

फोटो पुन्हा मागवता आला तर मागव. कागद पुस्तकाखाली तासभर दाबून सपाट करायचा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. नाहीतर काने-मात्राच आधी जातात.

सुलभा

---

प्रेषक: नंदा

चार नंबरला मंगळ आहे का ते आधी सांग. आमच्या धाकट्याच्या वेळी ह्यावरूनच अडलं होतं. असेल तर इंग्रजीत लिहून देऊ नका, सरळ वगळा. तिकडच्यांना उगाच नको ते प्रश्न पडतात.

नंदा

---

प्रेषक: मधुरा

सुलभाताई, खूप आभार. स्वाती चरण १ च आहे, आणि १२ मध्ये "बु" आहे.

नंदाताई, स्थळासाठी नाहीये हो. रियाला स्वतःलाच वाचायची आहे. ४ आकड्याच्या घरात काहीच नाही. मंगळ ९ च्या घरात आहे, नेपच्यूनबरोबर. मी "मार्स, नाइन्थ हाऊस" लिहिलंय.

मधुरा

---

प्रेषक: सुलभा

मधुरा, "नाइन्थ हाऊस" खोड. ९ ही रास आहे, धनु. स्थान मोजायचं ते लग्नापासून. वरची मधली चौकट पहिलं स्थान, तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट. लग्न ६, म्हणून ७ दुसरं, ८ तिसरं, ९ चौथं. डाव्या हाताची मधली चौकट असेल ती. म्हणजे मंगळ धनु राशीत, चौथ्या स्थानी. इंग्रजी वाचणारा माणूस आकडा दिसला की त्यालाच हाऊस समजतो, म्हणून नुसतं कुंडलीचं चित्र आकड्यांसकट देऊ नकोस. प्रत्येक घरात राशीचं नाव लिही आणि कोपऱ्यात बारीक स्थानाचा क्रमांक दे. दोन्हींसाठी एकच प्रकारचा आकडा वापरलास तर पुन्हा हाच घोटाळा होईल.

नंदा, चौथ्यातला मंगळ आपल्याकडे धरतात, तेव्हा तुमचा प्रश्न अस्थानी नव्हता. पण वगळायचं का? पत्रिकेत जे लिहिलंय ते उतरवावं. "मंगळाची पत्रिका" असा शेरा कागदावर नसेल तर तो आपण घालू नये, आणि असेल तर काढू नये.

इष्टघटी म्हणजे सूर्योदयापासून गेलेला वेळ. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. २६ घटींचे १० तास २४ मिनिटं, १५ पळांची ६ मिनिटं, मिळून साडेदहा तास. पत्रिकेत सूर्योदय दिला असेल, त्यात मिळव.

सुलभा

---

प्रेषक: अशोक

सर्वांस नमस्कार.

माझ्या यादीचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. ती वाचनालय समितीने तपासलेली आहे आणि तिच्यात राहू-केतूंना नॉर्थ नोड, साऊथ नोड दिले आहेत. मधुराने त्याप्रमाणे करावे. जो तो आपल्या मनाने बदल करू लागला तर यादीचा उपयोग काय? गुरू म्हणजे टीचर आणि शुक्र म्हणजे फ्रायडे असे छापलेले कागद मेळाव्यात आले, म्हणून तर ती केली. त्या कागदांत एकाच पानावर शनि एकदा सॅटर्न होता आणि एकदा सॅटरडे.

अशोक

---

प्रेषक: सुलभा

अशोकराव, तुमच्या यादीमुळेच मधुराचे ग्रह पहिल्या फेरीत लागले. माझा मुद्दा एवढाच की प्रत्येक ग्रहासाठी एक जोडी ठरवावी आणि ती तक्ता, कुंडली, दशा सगळीकडे तीच राहावी. दशेच्या पानावर "राहू महादशा" येणार. तिथे नॉर्थ नोड लिहिलं आणि रियाने पुढे कुठे शोधायला घेतलं तर तिला सगळीकडे राहूच सापडेल. म्हणून ग्रह इंग्रजी नावाने आणि लगेच आपलं नाव, "मार्स, मंगळ" असं. राहू-केतू मात्र आपल्याच नावाने, पहिल्या वेळी फक्त एक ओळ की हे चंद्राच्या मार्गावरचे छेदबिंदू आहेत.

नक्षत्र, नाडी, गण, योनी ह्यांचं भाषांतर करूच नये. अंत्य नाडीचं "लास्ट पल्स" केलं की वाचणाऱ्याला ती प्रकृतीची बाब वाटते.

सुलभा

---

प्रेषक: अशोक

राहूबद्दल समितीपुढे ठेवतो. नाडीबद्दल सहमत. पण मग "वर्ण: शूद्र" हे तसेच ठेवणार काय? तूळ रास म्हटल्यावर ते येणारच.

अशोक

---

प्रेषक: मधुरा

हो, आहे ते. मी तिथेच थांबलेय.

सूर्योदय ६-१० लिहिलाय, म्हणजे दुपारी ४-४०. रियाच्या जन्मदाखल्यावरही तेच आहे, हे फार बरं झालं.

पण मसुदा पाठवल्यावर तिचे दोन प्रश्न आले. एक, "मी २४ एप्रिल १९८६ ची, म्हणजे टॉरस. तू सन एरीजमध्ये लिहिलास आणि मला लिब्रा म्हणतेस, कुठलं खरं?" दुसरा, "रुक्मिणी कोण?" पत्रिका दुसऱ्याच मुलीची आहे असं तिला वाटतंय.

मधुरा

---

प्रेषक: प्रसाद

लिब्रा चंद्रामुळे. आपण "रास" म्हणतो ती चंद्राची, ते लोक सूर्याची धरतात. तेवढं लिहिलं की झालं.

प्रसाद

---

प्रेषक: सुलभा

प्रसादने अर्धं उत्तर दिलं, त्याने लिब्रा सुटतं. टॉरस आणि एरीज हे दोन्ही सूर्याबद्दलच आहेत, ते त्याने सुटत नाही.

पाश्चात्य पद्धत वसंतसंपातापासून मोजते, आपली ताऱ्यांच्या स्थिर चौकटीतून. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश, १९८६ साली लाहिरींप्रमाणे सुमारे २३ अंश ४० कला. त्या संध्याकाळी त्यांच्या मोजणीने सूर्य टॉरसच्या चौथ्या अंशावर, म्हणजे आरंभापासून ३४ अंशांवर. त्यातून २३ अंश ४० कला वजा केल्या की १० अंश २० कला उरतात. तक्त्यातलं ०-१०-२० हेच. म्हणजे सूर्य एकाच जागी आहे, मोजपट्टीची सुरुवात वेगळी. पानाच्या माथ्यावर एकच ओळ घाल: "सर्व स्थानं निरयन, लाहिरी अयनांश." पत्रिकेवर दुसरा अयनांश लिहिला असेल तर त्याचं नाव घाल. आणि "साइन" हा शब्द एकटा कुठेच वापरू नकोस. मून साइन, सन साइन, लग्न असं प्रत्येक वेळी पूर्ण लिही.

रुक्मिणी हे जन्मनाव. स्वातीच्या पहिल्या चरणाचं अक्षर रु, त्यावरून गुरुजींनी घातलेलं. "नक्षत्राक्षरावरून आलेलं नाव, व्यवहारातलं नाही" अशी टीप दे. ती पत्रिका तिचीच आहे ह्याचा पुरावा हवा असेल तर चैत्र पौर्णिमा दाखव. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर असतो, आणि कुंडलीत रवि १ मध्ये, चंद्र ७ मध्ये आहे. शिवाय त्या संध्याकाळी चंद्रग्रहण होतं, म्हणूनच राहू-केतू त्याच दोन घरांत बसले आहेत.

सुलभा

---

प्रेषक: विनायक

वर्णाबद्दल. रकाना वगळू नये, पण नुसता शब्दही सोडू नये. "राशीवरून ठरणारा गुणमेलनाचा गट, कुळाशी संबंध नाही" एवढं तळटिपेत असावं. इथे वाढलेल्या मुलांना तो शब्द फक्त जातीचा म्हणून माहीत असतो.

आणि एक विनंती, कुणीही पत्रिकेचा फोटो लिस्टवर टाकू नका. जन्मतारीख, वेळ, गाव, आई-वडिलांची नावं सगळं त्यावर असतं.

विनायक

---

प्रेषक: अशोक

तळटीप यादीत घ्यायची तर शब्दरचना समितीत ठरेल. मला "कुळाशी संबंध नाही" हे पुरेसे वाटत नाही, जुने गुरुजी तसे मानत नसत. मधुराने तूर्त विनायकरावांचे घ्यावे.

अशोक

---

प्रेषक: नंदा

मग शेरा आहे का कागदावर, मंगळाचा?

नंदा