चोरीला गेलेल्या आणि फुकट दिलेल्या मालावरील क्रेडिट परत करणे न्याय्य आहे का?

दुकानदार_सांगली: माझ्या मोबाईलच्या दुकानातून गेल्या महिन्यात बारा फोन चोरीला गेले. खरेदी प्रत्येकी १८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. खरेदीवर भरलेल्या या कराचे क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून मिळणारी वजावट, तेव्हाच घेऊन वापरलेही होते. आता ३८,८८० रुपये परत करावे लागतील, असे कर सल्लागार म्हणतात. शिवाय दिवाळीत ओळखीच्या ग्राहकांना इअरफोन फुकट दिले, त्यांचेही क्रेडिट जाईल म्हणे. माल गेला तो गेलाच, वर करही भरायचा, हे योग्य आहे का?

तर्कवादी: मला हे मुळीच पटत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६ नुसार माल व्यवसायात वापरला किंवा वापरण्याचा हेतू असला, तरी क्रेडिट मिळते. तुम्ही फोन विकण्यासाठीच घेतले होते, त्यामुळे घेतले त्या दिवशी क्रेडिट पूर्णपणे कायदेशीर होते. नंतर चोराने हात मारला म्हणून ते मागे जाऊन चुकीचे कसे ठरते? पोलाद वितळवताना होणाऱ्या घटीबाबत मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये करदात्याच्या बाजूने निकाल दिला आहे, तोच न्याय इथेही लागू व्हावा.

जुना_हिशेबनीस: हेतूबद्दलचा मुद्दा बरोबर आहे, पण कलम १७(५) ची सुरुवातच कलम १६(१) ला बाजूला सारून होते, आणि त्यातील 'एच' खंडात हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, खात्यातून काढून टाकलेला, भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेला माल स्पष्टपणे नमूद आहे. मद्रासचा निकाल उत्पादनप्रक्रियेत अपरिहार्यपणे घटणाऱ्या मालाबद्दल होता. कुलूप तोडून नेलेल्या फोनला घट म्हणता येणार नाही.

व्यवहारात GSTR-3B या जीएसटी विवरणपत्राच्या तक्ता 4(B)(1) मध्ये केंद्राचे १९,४४० आणि राज्याचे १९,४४० रुपये दाखवावेत. तुमच्याकडे आयएमईआय क्रमांक असल्यामुळे कोणता फोन कोणत्या बिलावर आला हे नेमके सांगता येईल; अंदाजाने सरासरी काढणाऱ्यांचे हिशेब तपासणीत अडकतात. नियम ५६ प्रमाणे साठ्याच्या नोंदींतही ही चोरी दिसली पाहिजे, आणि ती पोलीस तक्रारीतील संख्येशी जुळली पाहिजे.

विमा असेल तर दाव्यात २,१६,००० ऐवजी २,५४,८८० रुपये मागा. क्रेडिट मिळालेले आहे असे धरून सर्वेक्षक कराची रक्कम वगळू शकतो. त्याला क्रेडिट परत केल्याचे विवरणपत्र दाखवावे. विम्याची रक्कम ठरवताना कर धरलेला नसेल, तर मात्र हा मार्ग अरुंद होतो.

औषधवाला: माझे दुकान औषधांचे आहे. आम्हाला दहा डब्यांवर एक डबा फुकट मिळतो आणि आम्हीही तसाच पुढे देतो. म्हणजे इतकी वर्षे आम्ही चुकीचे क्रेडिट घेत आलो का? मग साऱ्या बाजाराला नोटिसा यायला हव्यात.

जुना_हिशेबनीस: तुमचा प्रकार वेगळा आहे. मार्च २०१९ च्या जीएसटी परिपत्रक ९२ ने 'एकावर एक मोफत' या योजनेत दोन वस्तू एकाच किमतीत विकल्या जातात असे मानले आहे आणि तिथे क्रेडिट शाबूत ठेवले आहे. त्याच न्यायाने फोनसोबत दिलेली पडद्याची संरक्षक काच सांगलीच्या दुकानदारांना चालेल, पण ती त्याच बिलात लिहिलेली असावी. दिवाळीला काहीही न घेता आलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती ठेवलेला इअरफोन मात्र भेटच. या भेदात व्यापारी शहाणपण फारसे नाही, हे मलाही मान्य आहे, कारण दोन्हींचा उद्देश गिऱ्हाईक टिकवणे हाच असतो.

तर्कवादी: मग व्याजाचे काय? कलम ५०(३) चे १८ टक्के व्याज चुकीने घेतलेल्या आणि वापरलेल्या क्रेडिटवर आहे. चोरीच्या आदल्या दिवसापर्यंत ते चुकीचे नव्हते, हे तरी मान्य कराल?

जुना_हिशेबनीस: ते मान्य आहे. म्हणून चोरी ज्या महिन्यात झाली त्याच महिन्याच्या विवरणपत्रात क्रेडिट परत केले, तर व्याज लागू नये असे माझे मत आहे. काही अधिकारी खरेदीच्या महिन्यापासून मोजतात, तेव्हा चोरीच्या तारखेचा पुरावा हाताशी ठेवावा.

दुकानदार_सांगली: चोरीच्या महिन्याचे विवरणपत्र अजून भरायचे आहे, त्यामुळे त्यातच क्रेडिट परत करतो. पण पोलिसांना चार फोन सापडले आहेत आणि ते न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल म्हणून परत मिळतील. मी ते विकले तर विक्रीवर पुन्हा पूर्ण कर लागेल. परत केलेले क्रेडिट मला मिळेल का?

जुना_हिशेबनीस: इथे मला ठाम उत्तर देता येत नाही. 4(B)(1) मधील रक्कम पुन्हा घेता न येणारी म्हणून ओळखली जाते, आणि कलम १६(४) ची मुदत, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षाचा ३० नोव्हेंबर, आड येऊ शकते.

तर्कवादी: पाहा, माल पुन्हा व्यवसायात आला, त्यावर कर गोळा झाला, आणि तरी क्रेडिट गेले. माझी तक्रार हीच होती.