मदत हवी आहे: मासिक उत्पन्न खातं एकटीचं की जोडीचं?

मी गृहिणी, वय 57. घरखर्चातून वाचवलेले आणि माहेरून आलेले मिळून 4 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवायचे आहेत. व्याज 7.4 टक्के धरलं तर महिन्याला साधारण 2,466 रुपये येतील. एजंट म्हणतो, मिस्टरांसोबत संयुक्त खातं काढा. पण त्यात दोघांचा वाटा समान धरतात, म्हणजे माझे निम्मे पैसे कागदोपत्री त्यांचे! शिवाय ‘बी’ प्रकारात एकाच्याच सहीने पैसे निघतात, ‘ए’ प्रकारात दोघांच्या सह्या लागतात. एकटीच्या नावावर उघडून त्यांना नॉमिनी केलं तर? पण नॉमिनीला माझ्या हयातीत पैसे काढता येत नाहीत. उद्या मी अंथरुणाला खिळले तर काय करायचं? असं खातं चालवणाऱ्या कुणी सांगाल का?