मदत हवी आहे: मराठीतले इंग्रजी शब्द मुलगी हिंदीसारखे वाचते

इंदूरची_आई: मुलगी पाचवीत आहे, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. घरी मराठी अस्खलित बोलते, पण वाचताना अडखळते. कालची ओळ: "चार्जरचा बॉक्स बँकेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे." तिने 'बंकेजवळच्या' आणि 'झे' अगदी 'झेंडा'सारखा वाचला. 'बॉक्स' मात्र बरोबर. हे कसं सुधारायचं?

राजवाडा_लेखणी: सोपं आहे ताई. ॅ दिसला की हिंदीतला 'ऐ' वाच म्हणावं. हिंदीत 'बैंक' लिहितात तेच हे.

जुना_मास्तर: उच्चार जवळपास तोच येईल, पण ही सवय उलटते. मराठीत 'पैसा', 'बैल' यांत अ-इ ऐकू येतो. ॅ म्हणजे ऐ असं डोक्यात बसलं, तर ती 'बॅट' 'बैट' लिहील आणि 'बैल' 'बॅल' वाचेल.

ताई, 'बँक'मध्ये वेगळीच अडचण आहे. तिथे ॅ आणि अनुस्वार एकावर एक बसतात आणि चिन्ह हुबेहूब हिंदीतल्या 'हँसना'च्या चंद्रबिंदूसारखं दिसतं. ती ते नाकातलं समजते, म्हणून 'बंक'. आधी बिंदू नसलेले शब्द वाचून घ्या: बॅट, कॅप, टॅक्सी. मग बँक, बँड, पँट. 'बॉक्स' जमतो कारण 'डॉक्टर'मधला ॉ हिंदीतही आहे.

'झेरॉक्स'चं कारण निराळं. हिंदीत त्या आवाजाला ज खाली नुक्ता देतात, मराठीत झ लिहितात. झूम, झोन, साइझ हे तिघे एकत्र म्हणून घ्या.

सयाजीगंजकर: आमच्या वडोदऱ्यात मुलगा 'बेंक' म्हणतो, गुजरातीत तसंच लिहिलेलं बघतो ना. पण माझा प्रश्न असा, की मोबाइलवर ॲ टाइप कसा करायचा?

जुना_मास्तर: त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे विषय वाचनाचा आहे. 'बेंक'ला मात्र हाच सराव चालेल.

ताई, त्याच ओळीत 'चार्जरचा' बघा. पहिला च 'चिमणी'तला, कारण इंग्रजी शब्दात तोच येतो. शेवटचा 'चा' प्रत्यय मराठी आहे, तिथे 'चमचा'तला दंत्य च. पुढे 'च्या'त पुन्हा 'चिमणी'चा. म्हणून पेन्सिलीने मूळ शब्द आणि प्रत्यय यांत उभी रेघ मारा: चार्जर|चा, बँके|जवळच्या, झेरॉक्स|च्या. रेघेच्या डावीकडे इंग्रजी उच्चार, उजवीकडे घरचा. 'बँक'चं 'बँके' होतं, तेव्हा रेघ त्या 'के'नंतर. ती बोलताना हे सगळं करतेच, फक्त कागदावर ओळखू येत नाही. रोज दोन ओळी पुरेत.

इंदूरची_आई: रेघ मारल्यावर 'चार्जरचा' लगेच नीट आला. झ खाली नुक्ता देऊन ठेवू का?

राजवाडा_लेखणी: द्या, पटकन कळेल.

जुना_मास्तर: मी देणार नाही. छापील मराठीत तो नसतो, मग पुस्तक हातात आलं की पुन्हा अडेल.

राजवाडा_लेखणी: पहिले काही दिवस तरी द्यायला हरकत काय?