मदत हवी आहे: निवृत्तीपर्यंत आरोग्य विम्याचा एकूण हप्ता किती भरावा लागेल?

माझं वय ४१. नूतनीकरणाच्या जुन्या नोटिसा काढून बसलोय. पहिल्या वर्षीचा हप्ता १०० धरला, तर पुढे १०८, ११७ आणि यंदा थेट १४६. यंदा मी ४१-४५ च्या वयोगटात गेलो, म्हणून ही उडी.

सरासरी वाढ वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आसपास येते. तीच पुढे ओढली तर ५९ व्या वर्षी हप्ता आजच्या सुमारे पावणेदहा पट होतो. पण त्यात वयोगटाची उडी दरवर्षी मोजली जाते, हे चूक वाटतं. म्हणून दोन्ही वेगळ्या केल्या: दरवाढ ८ टक्के, आणि यंदाच्या एकूण वाढीला, म्हणजे १.२५ पटीला, १.०८ ने भागून उडी सुमारे १६ टक्के. ही उडी ४६, ५१ आणि ५६ ला लावली की सव्वासहा पटच होतात. एकूण बेरजेत केवढा फरक पडेल बघा!

अडचण अशी की पुढच्या वयोगटांच्या उड्या १६ टक्क्यांहून मोठ्या असू शकतात. कंपनीच्या आजच्या दरपत्रकातून, तेवढ्याच विमा रकमेसाठी, त्या वयांचे दर घेऊन गुणोत्तरं काढावीत का? आणि फक्त दोन वर्षांवरून काढलेल्या ८ टक्क्यांवर कितपत विसंबावं? कुणाकडे एकाच वयोगटातल्या चार-पाच वर्षांच्या नोटिसा असतील, तर वाढीचे टक्के कळवाल का?