रोज सहा तास कॉल असतील तर वायरचा हेडसेट की वायरलेस?

मयूरेश: वायरचे हेडसेट आता घेऊच नका राव. एएनसीवाला, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारा ब्लूटूथ हेडफोन घ्या. मी घेतलाय, पंखा चालूय हे कळतसुद्धा नाही, म्हणजे क्लायंटलाही शांतच ऐकू जात असणार. लॅग वगैरे जुन्या गोष्टी झाल्या. पटत नसेल तर सांगा.

शिफ्टवाली: नाही पटत. नऊ वर्षं रात्रपाळीत सपोर्टला आहे, रोज सहा-सात तास कॉल, म्हणून सविस्तर लिहितेय. तुला पंखा ऐकू येत नाही कारण एएनसी तुझ्या कानासाठी आहे, क्लायंटला काय ऐकू जातं ते तुझा माइक ठरवतो. तुझ्या हेडफोनचा माइक कानाच्या कपात, म्हणजे तोंडापासून लांब, तिथे तुझा आवाज बारीक आणि पंखा मात्र तेवढाच मोठा. मग हेडफोन पंखा कापायला जातो आणि सोबत शब्दांची टोकंही कापतो. मला एका क्लायंटने एकाच कॉलमध्ये तीनदा विचारलंय की फिफ्टीन म्हणालीस का फिफ्टी! दांडीवाला माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवला की हा प्रश्नच येत नाही. आणि ब्लूटूथचा माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो, ते वेगळंच. पंखा पाचवर ठेव आणि तेच वाक्य दोन्ही माइकवर रेकॉर्ड करून ऐक.

मयूरेश: डब्याचा उपाय सोपा आहे की. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडायचा आणि आवाज हेडफोनमध्ये ठेवायचा. मी तसंच करतो, एकदम क्लिअर येतो.

तारयंत्रकाका: हे अर्धं बरोबर आहे. हेडफोनचा माइक बंद राहिला की तो गाण्याच्या मोडमध्येच राहतो, म्हणून आवाज चांगला. पण त्या मोडमध्ये आवाज आधी साठवून मग वाजवतात, साध्या ब्लूटूथला तिथेच दीड-दोनशे मिलिसेकंद जातात. कॉलच्या मोडमध्ये लॅग बराच कमी असतो, आवाज मात्र 8 किंवा 16 किलोहर्ट्झवर, म्हणजे हलक्या दर्जाचा येतो. म्हणजे दर्जा वाचवायला गेलात की वेळ जातो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.114 शिफारशीत एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय. पुण्याहून अमेरिकेला नेटवरच शंभरएक जातात, त्यावर ॲपचा बफर. त्यात हेडफोनचे दोनशे घातले की दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. शिवाय लॅपटॉपच्या माइकला कीबोर्डची टकटक ऐकू जाते ती जातेच.

गिरगावकर: वायरचं एवढं कौतुक चाललंय पण गुणगुणीबद्दल कोणी का बोलत नाही? दोन वायरचे हेडसेट बदलले, दोन्हीत घूंऽऽ असा आवाज, समोरच्यालाही जातो. दुकानदाराने परत घेतले नाहीत. वायर म्हणजे फसवणूक आहे, झालं.

तारयंत्रकाका: लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण गेली तर हेडसेट निर्दोष, घरात अर्थिंग नाही किंवा तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावलाय.

गिरगावकर: कन्व्हर्टर आहेच, जुन्या चाळीत तिसरं भोक असतं का? वायरमन म्हणाला सॉकेटमध्ये अर्थ न्यूट्रलला जोडून देतो, दोनशे रुपयांत काम होईल.

तारयंत्रकाका: अजिबात नाही! उद्या न्यूट्रल कुठे तुटली तर फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या अंगावर करंट येईल. हेडसेटसाठी घरातल्यांच्या जिवावर उठता का? त्या वायरमनला परत बोलावू नका.

गिरगावकर: ओरडू नका. घरमालक अर्थिंग करत नाही त्याला मी काय करू? सहा महिने मागे लागलोय.

शिफ्टवाली: अर्थिंगचं भांडण घरमालकाशी करा, पण तोवर यूएसबीचा वायरवाला हेडसेट घ्या. त्यात आवाज हेडसेटच्या बाजूलाच डिजिटल होतो, माइकची बारीक वायर ती गुणगुण उचलायच्या आत, त्यामुळे बहुतेक वेळा जाते. गोल पिनवाला नको.

शिकवणीताई: मी दहावीचं गणित ऑनलाइन घेते. मधेच दूध बघायला उठावं लागतं, दारावर कोणी येतं. वायरने एकदा लॅपटॉप टेबलावरून ओढला गेला, तेव्हापासून वायर नको. ही एएनसी घेतली तर कुकरची शिट्टी मुलांना ऐकू जाणार नाही ना?

शिफ्टवाली: ताई, तेच तर वर लिहिलंय, एएनसीचा मुलांना काही उपयोग नाही. आणि शिट्टी तुम्हालाही ऐकू येईल, ती पंखा-एसीसारखी सलग घरघर नाही. तुम्ही दांडीवाला माइक आणि सोबत लॅपटॉपला लावायचं डोंगल असलेला वायरलेस बघा. उठावं लागणाऱ्याला वायरलेस लागतो, हे मान्य. मला सात तास खुर्चीत बसायचंय, मी वायर सोडणार नाही.

मयूरेश: रेकॉर्ड करून ऐकलं. पंखा येतोय, आणि "नऊ वाजता" मधला "नऊ" गायबच आहे. माइकचं तुमचं बरोबर. पण वायर घेणार नाही, दांडीवाला वायरलेस बघतो. लॅगचं मला अजूनही जाणवत नाही.

तारयंत्रकाका: तुम्हाला नाही जाणवणार, समोरच्याला विचारा.

गिरगावकर: चार्जर काढला, गुणगुण गेली. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते आणि कॉल दोन तासांचा असतो. घरमालक फोन उचलत नाहीये.